ठेवू?

गेल्या रविवारी दुपारी माझ्या एका जुन्या रूममेटचा फोन आला. चार-सहा महिन्यांतून एकदा बोलणं होतं आमचं, पण झालं की तासभर होतं. निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा नुसत्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "बरं, ठेवू?" पलीकडे क्षणभर शांतता. मग लाकडावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवल्याचा आवाज आला. टकटक. "चल, बोलू नंतर," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. ती टकटक हसत होती की सांगत होती, हे मला कळलं नाही. समोर असती तर चेहऱ्यावरून कळलं असतं. फोनवर नुसतं लाकूड ऐकू आलं.

त्या आवाजाचा अर्थ जगात फक्त चार बायकांना माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. दोन खोल्या, एक हॉल, आणि हॉलमध्ये एक जुनं लाकडी टेबल. भाडेकरारावर नाव होतं ते आमच्यात सगळ्यात आधी आलेल्या मुलीचं. वयाने ती माझ्याएवढीच, पण आम्ही तिला थोरली म्हणायचो. दुसरी आमची खिडकीवाली, कारण खिडकीशेजारचा पलंग तिचा आणि बोलण्यापेक्षा बाहेर बघणं तिला जास्त जमायचं. तिसरी मी. चौथी आली ती सगळ्यात शेवटी, पावसाळ्यात, एक बॅग आणि एक गुंडाळलेली गादी घेऊन. तिचं नाव आम्ही महिन्याभरात बदलून टाकलं. म्हणजे मी बदललं.

ती रोज रात्री नऊच्या सुमारास आईशी बोलायची. बोलणं पाच मिनिटांत संपायचं, निरोपाला मात्र दहा मिनिटं लागायची. "बरं, ठेवू? ... हो हो. ... हां, ते बघते मी. ... ठेवू मग? ... नाही गं, नाही विसरत. ... ठेवते हं. ... ठेवू ना?" प्रत्येक "ठेवू" आधीच्यापेक्षा थोडा वरच्या पट्टीत, शेवटचा तर जवळजवळ विनवणीसारखा. मला नकला चांगल्या येतात, लहानपणापासून येतात. एका रात्री तिने फोन ठेवल्या ठेवल्या मी टेबलावरचा कंगवा कानाला लावला आणि ते सगळंच्या सगळं करून दाखवलं, चढत्या पट्ट्यांसकट. थोरली हसता हसता खाली बसली. खिडकीवालीही वळून हसली. आणि ती स्वतः सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशीपासून तिचं नाव ठेवू पडलं. "ठेवू, गिझर बंद केलास का?" "ठेवू, किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

ते पहिलं हसू खरं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यामुळे सुरुवातही खोटीच होती असं म्हणायचा मोह होतो. नव्या घरात आपल्याला नाव मिळणं म्हणजे आपल्याला कुणीतरी नीट पाहिलं असणं. ज्या मुलीची कुणी चेष्टाच करत नाही ती त्या घरात पाहुणीच राहते, हे एकत्र राहिलेल्या कुणालाही माहीत असतं. महिनाभर ती आमच्याशी अदबीने वागत होती. नाव पडलं त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा न विचारता माझा टॉवेल वापरला.

पण कुणी कुणाला चिडवायचं याचा एक उतार त्या घरात होता, आणि तो मला तेव्हा दिसत नव्हता. पुढे कधीतरी एका अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा दिसला. अमेरिकेत विद्यार्थ्यांची एकत्र राहणारी मंडळं असतात, तिथल्या मुलांवर डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता, 1998 साली प्रसिद्ध झाला. चार-चार मुलांचे गट, त्यांत दोन जुने, दोन नवे. प्रत्येकाने बाकीच्यांना टोपणनावं द्यायची, अक्षरं ठरवून दिलेली, आणि त्या नावामागची गोष्ट सांगायची. जुन्यांनी दिलेली नावं जास्त बोचरी निघाली आणि बोचऱ्या नावांचे धनी जास्त करून नवे ठरले. मी वाचता वाचता मनात आमच्या चौघींची मोजदाद केली. थोरलीला टोपणनाव होतं "थोरली", म्हणजे मानाचंच. माझं नाव "रेडिओ". खिडकीवालीचं तिच्या जागेवरून. आणि सगळ्यात शेवटी आलेल्या मुलीचं नाव मात्र तिच्या आईशी बोलतानाच्या आवाजावरून. आमच्या तिघींच्या नावांत कुणाच्या घरचं माणूस नव्हतं.

आता मागे वळून पाहिलं की बदल कुठे कुठे झाला ते ओळीने दिसतं. आधी "पुरे गं" आलं. "पुरे" हा शब्द फसवा आहे. हसू ओसंडत असताना म्हटलेला "पुरे" म्हणजे अजून कर. हसून झाल्यावर म्हटलेला "पुरे" म्हणजे आता खरंच झालं. आणि हसण्याच्या आधीच आलेला "पुरे" असतो, त्यानंतर जे हसू येतं ते दुसऱ्यांसाठी हसलेलं असतं. तिचे "पुरे" दोन-अडीच महिन्यांत पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सरकले. शब्द तोच राहिल्यामुळे मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

मग ती स्वतःच आधी म्हणायला लागली. फोन कानाला लावता लावता आमच्याकडे बघून, "हां, चला, ठेवू-पुराण सुरू!" आम्ही टाळ्या वाजवायचो. मला वाटलं, बघा, तिला आवडतंय, आता तर तीच करते. आज मला त्याचा अर्थ वेगळा लागतो. फटका कुठल्या बाजूने येणार हे माहीत असलं की माणूस स्वतःच तिकडे गाल करतो, म्हणजे निदान वेळ तरी त्याच्या हातात राहते. चिडवणाऱ्याला ही परवानगी वाटते. माझं चुकलं ते सगळ्यात जास्त इथे, कारण तिच्या त्या वाक्यानंतर मी आणखी मोकळी सुटले. नकलेत मी आईचंही बोलणं घातलं, माझ्या मनाने रचून. कापरा, किरकिरा आवाज काढायचे. तिच्या आईला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

आणि मग ती फोन घेऊन जिन्यात जायला लागली.

"आत रेंज नाही," म्हणायची. आम्हा तिघींच्या फोनला तिथेच बसून रेंज होती. पण त्यावरही मी काहीतरी विनोद केला असणार. जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर मिनिटभर जळायचा आणि विझायचा. दाराखालच्या फटीतून तो उजेड दिसायचा, जायचा, परत यायचा. ती तिथे पायरीवर बसून मिनिटामिनिटाला बटण दाबत आईशी बोलत होती आणि आत आम्ही तिघी हॉलमध्ये होतो. माणूस दुखावला की भांडेलच असं नाही. पुष्कळ वेळा ते फक्त जागा बदलतं. आपली वस्तू दुसऱ्या कप्प्यात ठेवतं, आंघोळीची वेळ बदलतं, फोन जिन्यात नेतं. तोंडी "मला चालतं गं" सुरूच असतं.

मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण फ्लॅटच्या आधी दोन वर्षं मी हॉस्टेलमध्ये काढली होती आणि तिथे हेच पाहिलं होतं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला एक नाव पडलं होतं. ते इथे लिहीत नाही. ज्या मुलीने ते दिलं तिला महिन्याभरात पश्चात्ताप झाला, तिने माफीही मागितली, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. तोवर ते नाव जिन्यावरून खालच्या मजल्यावर, तिथून मेसमध्ये गेलेलं. ज्यांना त्यामागची गोष्ट माहीत नव्हती तेही त्याच नावाने हाक मारत होते, काहींना तर तेच तिचं खरं नाव वाटायचं. नाव देणं एकीच्या हातात असतं, परत घेणं मात्र सगळ्यांच्या हातात, आणि सगळे कधी एकत्र येत नाहीत. तिने सत्र संपायच्या आत खोली बदलून घेतली. नवीन खोलीच्या दारावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खडूने तेच नाव लिहून ठेवलं होतं. फ्लॅटमध्ये हे होणार नाही असं मी धरून चालले होते. आम्ही तर चौघीच होतो, दार लावलं की जग बाहेर.

दार उघडलं एका शनिवारी. थोरलीच्या ऑफिसातल्या तिघी-चौघी घरी आल्या होत्या. गप्पा रंगल्या, कुणीतरी विचारलं, "हिला ठेवू का म्हणता?" मी उठले. कंगवा नव्हता म्हणून रिमोट कानाला लावला. लोक हसत गेले तसतशी मी लांबवत गेले. एवढंच नाही, थोरलीने मागे एकदा गंमत म्हणून तिचं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, आमच्या चौघींच्या ग्रुपवर ते पडलेलं होतं, तेही मी लावून दाखवलं, नक्कल किती हुबेहूब आहे ते कळावं म्हणून. ती उठली आणि आत गेली. रागाने नाही, दारही आपटलं नाही. मला वाटलं पाणी आणायला गेली.

पाहुण्या गेल्यावर मी खोलीत गेले तर ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळे कपडे आधीच घडी केलेले होते. ती एकेक उघडत होती आणि परत घालत होती.

मी काहीच विचारलं नाही. मला सांगितलं ते खिडकीवालीने, रात्री स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. "ती रेकॉर्डिंग तू कधी नीट ऐकली आहेस का?" एवढंच म्हणाली. मी इअरफोन घालून ऐकली. तोवर मी नेहमी तिचाच आवाज ऐकत आले होते, नक्कल तिची करायची होती ना. या वेळी तिच्या दोन "ठेवू"च्या मधली जागा ऐकली. फार मागून, खरखरीत, एक बाईमाणूस म्हणत होतं, "थांब गं, एक मिनिट." मग ती, "हो हो." मग, "ठेवू मग?" आणि पुन्हा मागून, "थांब ना, अजून काय?" कापरा नव्हता तो आवाज, किरकिरा तर मुळीच नव्हता. साधा होता, आणि घाईत होता, म्हणजे निघालेल्या माणसाला दारात धरून ठेवणाऱ्याचा असतो तसा. मी महिनोन्‌महिने ज्याची नक्कल करत होते ते त्या दोघींचं रोजचं न सुटणारं काहीतरी होतं, आणि त्यातला अर्धा भाग मी कापून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं झालं. नीट झालं नाही. तिने सुरुवात केली, "कालचं मला आवडलं नाही," आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, पण तूच तर सगळ्यात जास्त हसायचीस." रेकॉर्डिंग ऐकून झालेलं असूनही हेच निघालं. खोटं नव्हतं ते, म्हणूनच जास्त वाईट होतं. तिच्या जुन्या हसण्याची मी पावती फाडून तिच्या हातात देत होते. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा 1940 सालचा थट्टेच्या नात्यांवरचा एक लेख प्रसिद्ध आहे. काही समाजांत ठरावीक नातेवाइकांमध्ये एकाने दुसऱ्याची चेष्टा करायची आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, अशी रीतच असते, असं त्यात आहे. तिथे कोण कोणाची चेष्टा करू शकतो हे रीतीनेच बांधलेलं असतं. आमच्याकडे कुणी काही बांधलेलं नव्हतं. राग मानायचा नाही एवढा अर्धा नियम मात्र आम्ही तिच्यावर लावला होता.

ती रडली नाही, चिडलीही नाही. थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिली आणि मग जे बोलली ते इतकं नेमकं होतं की आजही मला शब्दाशब्दाने आठवतं. "मला ठेवू म्हणा. ते मला आवडतं. पण आईचा आवाज काढू नकोस. मी फोनवर असताना काही नको, नंतर कर. आणि बाहेरच्यांसमोर नको. आणि ते रेकॉर्डिंग आत्ता काढून टाका." एवढंच. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुम्ही फार वाईट वागता, किंवा माझी चेष्टा करणं बंद करा. तसं म्हणाली असती तर मी वाद घातला असता, कारण वाईट या शब्दावर वाद घालता येतो. "आईचा आवाज" यावर काय वाद घालणार? तिने काय नको, केव्हा नको आणि कोणासमोर नको हे वेगवेगळं केलं, आणि जे चालतं ते आधी सांगितलं. त्यामुळे मला परत यायला दार उघडं राहिलं. थोरलीने आम्हा सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवायला लावले आणि चारही फोनमधून ते रेकॉर्डिंग काढून टाकलं, ऑफिसातल्या कुणाला पाठवलं नव्हतं ना तेही विचारलं. मी "सॉरी" म्हटलं, पण ते त्यानंतर.

पुढचे पंधरा दिवस मात्र त्या घरातले सगळ्यात वाईट. आम्ही कमालीच्या सभ्य झालो. तिला कुणी ठेवू म्हणेना, खऱ्या नावाने हाक मारायला लागलो, आणि ते नाव आमच्या तोंडी हजेरीपटावरच्या नावासारखं वाटायचं. ती हॉलमध्ये आली की मी बोलता बोलता थांबायचे. नऊ वाजता तिचा फोन वाजला की आम्ही तिघी उठून आत जायचो, जणू तिला दवाखान्यातून फोन आला आहे. तिने जे मागितलं होतं त्याच्या कितीतरी पलीकडचं आम्ही तिला देत होतो, आणि त्यात आमचा थोडा रुसवाही होता, हे कबूल करायला हवं. आम्हाला टोकलंस ना, आता घे. शेवटी तीच एका रात्री फोन ठेवून हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "ए रेडिओ, तुझी बॅटरी उतरली का?" मग जरा थांबून, "मी तुला गप्प बस म्हटलं नव्हतं."

टकटक त्यानंतर आली. ठरवून नाही. थोरली एकदा सवयीने आईच्या आवाजाकडे वळायला लागली, पहिला शब्द अर्धा बाहेर आला, आणि ठेवूने टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं. थोरली तिथेच थांबली आणि दुसऱ्याच विषयावर गेली. कुणाला काही म्हणावं लागलं नाही, कुणी माफी मागितली नाही, पाचव्या सेकंदाला आम्ही पुन्हा बोलत होतो. तोंडी सांगताना नेमकं हेच जमत नाही. "मला हे नको" असं म्हटलं की खोलीतलं बोलणं थांबतं, सगळे बघायला लागतात, आणि त्या बघण्याच्या भीतीनेच माणूस सांगायचं टाळतो. लाकडावरच्या दोन ठोक्यांना तेवढी किंमत पडत नव्हती.

महिन्याभरात त्या टेबलाचा उपयोग सगळ्याच करायला लागलो, आणि मग लक्षात आलं की सांगायचं सगळ्यांकडेच होतं. खिडकीवालीने तिच्या त्वचेवर कुणी बोललं की वाजवलं. दोन वर्षं ती ते ऐकून घेत होती. थोरली परीक्षेत नापास झाली तेव्हा पहिले तीन आठवडे तिने त्या विषयावर वाजवलं, आणि चौथ्या आठवड्यात तिनेच त्यावर एवढा भन्नाट विनोद केला की आम्हाला हसावं की नाही तेच कळेना. "हसा गं, आता चालतं," ती म्हणाली. म्हणजे रेघ होती, पण ती सरकत होती, आणि सरकवायचा हक्क जिचं दुखणं तिचा. मी पुष्कळदा चुकले. कालपर्यंत चालत होतं ते आज चालत नसे. तेव्हा वाजायचं आणि मी थांबायचे. मी स्वतः मात्र फक्त एकदाच वाजवलं, माझ्या वडिलांबद्दल काहीतरी निघालं तेव्हा. वाजवताना हात जड झाला होता. तेव्हा मला कळलं की तिला त्या पहिल्या सकाळी, टकटक नसताना, ती चार वाक्यं बोलायला किती लागलं असेल.

जिन्यातला उजेड केव्हा बंद झाला ते मात्र आठवत नाही. एक दिवस ती पुन्हा हॉलमध्ये बसून आईशी बोलत होती, पाय टेबलावर ठेवून, एवढं आठवतं.

तर गेल्या रविवारची ती टकटक. आठवडाभर मला ती पुरली. "ठेवू?" हा शब्द मी कुठलाही आवाज न काढता, माझ्याच आवाजात म्हटला होता. पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही तिघी भेटायला गेलो होतो. कदाचित रेघ पुन्हा सरकली असेल आणि आता तो शब्दच नको असेल. किंवा ती नुसती जुनी खूण करून हसली असेल. मेसेज लिहून पाहिला, "तू वाजवलंस ते खरं का?" आणि पुसला. असं लिहून विचारलं की समोरचा "अगं छे" म्हणतो, आणि त्या "छे"चा काहीच उपयोग नसतो. तिसऱ्या "पुरे"नंतरच्या हसण्यासारखा.

काल रात्री मी मुद्दाम नऊला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, थोरलीच्या मुलीचं, खिडकीवालीच्या नव्या घराचं, त्यात पुन्हा खिडकीशेजारीच पलंग लावला आहे म्हणे. मग बोलणं संपत आलं. मी निरोपाचा शब्द काढला नाही. तीही नाही. दोन्हीकडे नुसता श्वास. आणि मग ती म्हणाली, तिच्या जुन्या पट्टीत, खालून वर चढत जाणाऱ्या, "ठेवू?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, थांब गं, एक मिनिट.

"ठेव," मी म्हटलं.